सात शाखांचा एक अहवाल: फॉन्ट, पैसे आणि रेघा जुळवताना गेलेले बारा दिवस

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात हिशेबाचं काम बघते. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि त्याआधी लेखापरीक्षक तो बघतात. २०२४-२५ चा अहवाल पहिल्यांदाच माझ्याकडे आला. आकडे तयार होते. मला फक्त सात शाखांची पत्रकं एका एक्सेल फाइलमध्ये एकसारखी दिसतील अशी बसवायची होती. साहेब म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे, ताई." लागले बारा. असंच काम कुणाच्या टेबलावर येऊन पडलं असेल, तर त्याचे काही दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आषाढी रविवारी झाली आणि सोमवारी, ७ जुलैला, सांगली मुख्य, मिरज, तासगाव, विटा, पलूस, कवठेमहांकाळ आणि जत अशा सातही शाखांच्या फाइल आल्या. बाहेर पाऊस होता. ऑफिसात दर तासाला कोणीतरी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती झाली ते सांगत होतं. मी सात फाइलमधली पत्रकं एका फाइलमध्ये ओढून घेतली आणि एकेक उघडून बघितलं. मिरजेचं पत्रक कॅलिब्रीत, विट्याचं एरियलमध्ये, तासगावचं मंगलमध्ये. मंगलच्या ओळी उंच होतात, त्यामुळे तेवढंच पत्रक दोन पानांवर जात होतं. पैसे कुठे दोन दशांशांत, कुठे एकाही नाही, आणि कवठेमहांकाळच्या व्याज तरतुदीत पाच-पाच दशांश. सभासदसंख्या एका शाखेने १,२४८.०० अशी दिली होती. रेघांचं तर विचारूच नका. कुणी जाड चौकट केलेली, कुणी तुटक रेघ ओढलेली, तर कुणी रेघच मारलेली नाही. पडद्यावर फिकट जाळी दिसते म्हणून रेघा आहेत असं वाटतं, पण ती जाळी छापली जात नाही.

मंगळवारी मी सवयीने हातानेच सुरुवात केली. ओळ निवडायची, फॉन्ट बदलायचा, दशांश कमी करायचे, रेघ मारायची. संध्याकाळपर्यंत दीड पत्रक झालं. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "अक्षर जरा मोठं केलं तर बरं दिसेल का?" म्हणजे झालेलं सगळं पुन्हा. हे असं करायचं नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

मिरज शाखेतल्या एका सहकारी ताईंनी फोनवर सेल स्टाइल्स समजावल्या. होम टॅबवर `Cell Styles` आहे, त्याच्या तळाशी `New Cell Style`. आधी एक सेल आपल्याला हवा तसा सजवायचा, त्यावर उभं राहून ही खिडकी उघडायची. त्या सेलचं रूप ती आपोआप उचलते, आपण फक्त नाव द्यायचं. मग ते नाव ज्या सेलला द्याल तो तसा होतो, आणि उद्या स्टाइल बदलली की ते नाव असलेले सगळे सेल एकदम बदलतात. बुधवारी मी सहा स्टाइल केल्या: अह-शीर्षक, अह-मथळा, अह-मजकूर, अह-रक्कम, अह-संख्या, अह-बेरीज. फॉन्ट सगळीकडे निर्मला यूआय ठेवला, कारण त्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं आहेत आणि ओळीची उंची सगळीकडे सारखी राहते.

त्या खिडकीत सहा चौकोन असतात: आकड्याचं रूप, मांडणी, फॉन्ट, रेघा, रंग आणि संरक्षण. मी ते न वाचताच पुढे गेले. अह-मजकूर स्टाइल विट्याच्या अख्ख्या पत्रकाला दिली, तर मुदतीच्या तारखांच्या जागी ४५७४७ सारखे आकडे उभे राहिले. काळजात धस्स झालं. तारखा गेलेल्या नव्हत्या. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकात ठेवतं, आणि ३१ मार्च २०२५ चा क्रमांक ४५७४७ आहे. माझ्या स्टाइलमध्ये `Number` चौकोनावर खूण होती, त्यामुळे मजकुराबरोबर तारखेचं रूपही पुसलं गेलं. कंट्रोल झेड करून मागे आले आणि अह-मजकूर मधली ती खूण काढली. खूण नसलेल्या गोष्टीला स्टाइल हातच लावत नाही. याच विचाराने अह-रक्कम मध्ये `Alignment` ची खूणही काढली. खरा आकडा आपोआप उजवीकडे जातो, मजकूर डावीकडे राहतो. तो फरक मला दिसायला हवा होता. त्याचा उपयोग पुढे झाला आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

गुरुवारी जतचं पत्रक घेतलं. स्टाइल दिली आणि सगळी नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या गुंत्यात बदलली. जतचे काका निवृत्तीला आलेले, पूर्वीच्या टंकलेखनाची सवय असलेले. ते अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये सेलच्या पोटात असतात इंग्रजीच अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. चेहरा काढला की खालचं उघडं पडतं. हे स्टाइल देण्याआधीही ओळखता येतं: सेलवर क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला पट्टीत बघा. ती पट्टी सेलचा फॉन्ट वापरत नाही, त्यामुळे जुन्या फॉन्टचा मजकूर तिथे आधीच गुंता दिसतो, आणि युनिकोड मराठी नीट मराठीच दिसतं. मी फॉन्ट बदलणारं एक साधन वापरून बघितलं, पण जोडाक्षरं आणि रफार चुकीचे आले. शेवटी ४३ नावं हाताने टाइप केली. दीड तास गेला. काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तिकडं वाचता येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही गं." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी त्यांचं पत्रक छापून यायचं आणि छापील कागदावर सगळं ठीक दिसायचं.

१२ तारखेला दुसरा शनिवार होता, तरी मी सकाळी येऊन बसले. पलूसच्या रकमांना अह-रक्कम दिली, पण त्या हलल्याच नाहीत. स्वल्पविराम नाही, दशांश नाहीत, आणि सगळ्या डावीकडे चिकटलेल्या. स्टाइलचं नाव लागलं होतं, रूप लागत नव्हतं. शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये हे लिहिलं:

```
=ISNUMBER(D7)
```

उत्तर `FALSE`. शाखेच्या प्रणालीतून काढलेला तो स्तंभ आकड्यांचा नव्हता, आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मजकुराचा होता. `SUM` असा मजकूर धरत नाही, त्यामुळे खालची बेरीज शून्य होती. वर शाखेने बेरीज हाताने टाइप केलेली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आकड्याचं रूप बदलून मजकूर आकडा होत नाही. स्तंभ निवडून डेटा टॅबवरचं `Text to Columns` उघडलं आणि पुढचं काही न बदलता `Finish` दाबलं. सगळे आकडे टुणकन उजवीकडे गेले. हे एका वेळी एकाच स्तंभावर चालतं, आणि पलूसचे नऊ स्तंभ होते.

त्याच दिवशी कवठेमहांकाळच्या तरतुदीचा प्रश्न सोडवला. तिथे व्याजाची तरतूद सूत्राने काढली होती: रक्कम, दर आणि दिवस घेऊन ३६५ ने भाग. अह-रक्कम लावल्यावर तीन ओळी ४,५१२.३३, ३,८७६.३३ आणि २,१९०.३३ दिसत होत्या आणि खाली बेरीज १०,५७९.००. कॅल्क्युलेटरवर मात्र १०,५७८.९९ येतात. दोन दशांश हे फक्त दिसणं आहे. आत प्रत्येक आकड्याला .३३४ चं शेपूट होतं, आणि बेरीज त्या शेपटांसकट झालेली. एक पैशाचा फरक, पण सभेत तोच विचारला जातो. सूत्राभोवती `ROUND(…,2)` घातलं, तेव्हा आतला आकडाच दोन दशांशांचा झाला आणि बेरीज १०,५७८.९९ वर आली. ऑप्शन्समध्ये `Set precision as displayed` नावाची एक सोय आहे, ती एका झटक्यात हेच सगळ्या फाइलला करते. मी ती वापरली नाही. ती हाताने भरलेले आकडेही कायमचे कापते, आणि व्याजदराचे दोनापेक्षा जास्त दशांश त्यात गेले तर परत येत नाहीत.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हाही एक मुद्दा होता. माझ्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारतीय गट आहेत, म्हणून साधं रूप दिलं तरी मला ५,१२,३४५ दिसतं. तीच फाइल साहेबांच्या संगणकावर ५१२,३४५ दिसत होती. म्हणून अह-रक्कम मध्येच हे रूप घातलं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;#,##0.00
```

हे कुठल्याही संगणकावर सारखं दिसतं. पण उणे रक्कम आली की ते फसतं. ती तिसऱ्या भागात जाते आणि तिचे गट संगणकाच्या सेटिंगप्रमाणे पडतात. आमच्या अहवालात उणे रक्कम एकाच ओळीत होती. तिथे मी उणे रकमांसाठी वेगळी स्टाइल केली.

सोमवारी, १४ जुलैला, फॉरमॅट पेंटर हातात घेतला. तोवर मिरजेचं पत्रक सहा स्टाइलमध्ये पूर्ण बसलं होतं. पेंटरच्या ब्रशवर एकदा क्लिक केलं की तो एकदाच चालतो. दोनदा क्लिक केलं की एस्केप दाबेपर्यंत चालू राहतो, दुसऱ्या पत्रकावर गेलं तरी. आणि ज्या सेलवरून रूप उचललं त्याची स्टाइल असेल तर ती नावासकट पलीकडे जाते. म्हणून आधी स्टाइल करून मग पेंटर वापरला तर काम टिकतं. नुसत्या हाताने सजवलेल्या सेलवरून पेंटर फिरवला तर सजावट जाते, पण ती पुढे एका जागेवरून बदलता येत नाही. अख्खा स्तंभ वरच्या अक्षरावर क्लिक करून उचलला आणि पलीकडे स्तंभाच्या अक्षरावर सोडला तर रुंदीही जाते. दुपारपर्यंत सहा पत्रकं रंगवून झाली. मला फार आनंद झाला होता. मंगळवारी दोन प्रती छापल्या. ५८ पानं, पानाला ३ रुपये, दोन प्रतींचे ३४८ रुपये. एक प्रत लेखापरीक्षकांकडे पाठवली.

बुधवारी साडेअकराला त्यांचा फोन आला. "ताई, जतची बेरीज बरोबर आहे, पण ओळी जुळत नाहीत."

मी पत्रक उघडलं. दिलेल्या व्याजाच्या स्तंभात बचत ३८,४२०.००, मुदत ४,१२,६५०.००, आणि आवर्त ठेवीची जागा मुदतीच्याच सेलमध्ये सामावलेली. खाली बेरीज ५,१२,३४५.००. दिसणाऱ्या दोन ओळींची बेरीज ४,५१,०७०.०० होते. ६१,२७५ रुपये कमी. आणि काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक शाखेची बेरीज वहीत लिहून ठेवली होती. जतची तिथेही ५,१२,३४५ च होती. बेरीज हललेली नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले होते.

तासभर शोधल्यावर उलगडलं. मिरजेने मुदत आणि आवर्त ठेवींचं व्याज एकत्र दिलं होतं, म्हणून त्यांचे ते दोन सेल एकात विलीन केलेले होते. अह-रक्कम ने मांडणीला हात लावला नाही, त्यामुळे ते विलीनच राहिले. फॉरमॅट पेंटर फॉन्ट आणि रेघांबरोबर विलीनीकरणही उचलतो. जतला दोन ओळींत दोन वेगळे आकडे होते, पेंटर फिरल्यावर ते सेल एक झाले. `Merge` बटण दाबून सेल विलीन केले तर एक्सेल आधी बजावतं की वरचाच आकडा राहील, आणि बाकीचे पुसून टाकतं. पेंटरने विलीन केलं तर सूचना येत नाही, आणि खालचा आकडा पुसलाही जात नाही. तो झाकला जातो आणि `SUM` मध्ये मोजला जातो. म्हणून बेरीज पूर्ण आणि ओळ गायब. तो सेल निवडून `Unmerge Cells` केलं आणि ६१,२७५.०० जसेच्या तसे वर आले. मी लगेच लेखापरीक्षकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "सापडलं ना, मग झालं. बाकीच्या शाखा बघून घ्या." त्यांनी कॅल्क्युलेटरवर ओळी मोजल्या म्हणून हे बाहेर आलं, नाहीतर जतचं आवर्त ठेवीचं व्याज छापील अहवालातून गेलंच होतं.

बाकीच्या शाखांत असे झाकलेले आकडे शोधायला कंट्रोल एफ उघडलं, `Options`, मग `Format`, आणि मांडणीच्या पानावर `Merge cells` वर खूण करून `Find All`. शोधायचा मजकूर रिकामा ठेवायचा आणि `Within` मध्ये अख्खी फाइल निवडायची. खाली सगळ्या विलीन सेलची यादी येते. पलूसमध्ये आणखी एक जोडी सापडली. ती सोडवली. आकड्यांच्या भागात एकही विलीन सेल ठेवला नाही. वरच्या शीर्षकांसाठी फॉरमॅट सेल्समध्ये `Center Across Selection` आहे. त्यात सेल वेगळेच राहतात आणि मजकूर मधोमध दिसतो.

याच खिडकीने उरलेले परके फॉन्टही सापडतात. `Choose Format From Cell` ने एखादा एरियलचा सेल दाखवायचा, मग सगळे मिळतात. अशीच तासगावची एक भानगड कळली. गुरुवारी साहेबांच्या जुन्या सूचनेप्रमाणे अह-रक्कम चा आकार १० वरून ११ केला. स्टाइलवर उजवं क्लिक, `Modify`, आणि सातही पत्रकं एका क्षणात बदलली. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. तासगावचे नऊ सेल मात्र लहानच राहिले. मधल्या वेळेत कुणीतरी आकडा सुधारताना वरचं स्वल्पविरामाचं बटण दाबलं होतं. ते बटण नुसते स्वल्पविराम देत नाही, सेलला `Comma` नावाची स्टाइल देतं. एका सेलला एकच स्टाइल असते, त्यामुळे अह-रक्कम हे नाव निघून गेलं. फॉन्ट तसाच राहतो म्हणून डोळ्यांना कळत नाही. सेलवर उभं राहून स्टाइलच्या यादीत कोणतं नाव उजळतं ते बघायचं, तेवढ्यात समजतं.

रेघांचं काम शेवटी राहिलं होतं. स्टाइलमधल्या रेघा प्रत्येक सेलच्या चार कडांपुरत्या असतात, अख्ख्या तक्त्याभोवतीची जाड चौकट स्टाइलमध्ये ठेवता येत नाही. मी चौकटीचा नाद सोडला. सगळा तक्ता निवडून आधीच्या रेघा पूर्ण काढल्या, मग मजकूर आणि रकमांना बारीक रेघ, आणि अह-बेरीज ला वर बारीक व खाली दुहेरी. आमच्या खातेवहीत बेरजेखाली तशीच दुहेरी रेघ असते, त्यामुळे जुन्या संचालकांनाही ती लगेच ओळखीची वाटली.

यादीत परक्या स्टाइलही खूप जमल्या होत्या, `Normal 2`, `Normal 3` अशा नावांच्या. शाखांच्या पत्रकांबरोबर त्या आलेल्या. त्या पुसल्या नाहीत. स्टाइल पुसली की ती लावलेले सेल `Normal` वर जातात आणि त्यांची सजावट उतरते. छपाईच्या तोंडावर तो धोका नको वाटला.

शुक्रवारी, १८ जुलैला, पुन्हा छापण्याआधी प्रत्येक तक्त्याच्या ओळी कॅल्क्युलेटरवर मोजल्या, फक्त कागदावर दिसणाऱ्या. अडीच तास लागले. मग ३४८ रुपये पुन्हा गेले आणि प्रत मंडळाकडे गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्याच फाइलमधले आकडे काढून, स्टाइल तशाच ठेवून, एक कोरी फाइल सातही शाखांना पाठवली. जतच्या काकांबरोबर फोनवर बसून युनिकोड मराठीचा कळफलक चालू केला. दोन दिवस त्यांचे रोज तीन-चार फोन आले, "र्‍य कुठनं काढायचा?" असे. २ ऑगस्टला जुलैची पत्रकं आली. पाच शाखांनी नवी फाइल वापरली होती, विटा आणि पलूसने जुनीच. जतचं पत्रक मी सगळ्यात आधी उघडलं, पहिल्या सेलवर क्लिक केलं आणि वरच्या पट्टीत बघितलं. तिथे 'मुदत ठेव' असं सरळ मराठीत लिहिलेलं होतं.